फोन घरी राहिला तर घड्याळ किंवा अंगठीने पैसे जातात कसे? (बाबांसाठी अंगठी घ्यावी का)

अनुजा_वारजे
नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे आणि आता एक प्रसंग घडला म्हणून धागाच काढते. माझा भाऊ इंग्लंडात रीडिंगला असतो. गेल्या शनिवारी तो आणि वहिनी नदीकाठाने पळायला गेले, दोघांचे फोन घरी, पाकीट पण घरी. दादाच्या हातात स्मार्टवॉच आणि वहिनीच्या बोटात पेमेंटची अंगठी, एवढंच. वाटेत कॉफी घेतली ४.६० पाउंडची, वहिनीने अंगठी टेकवली, गेले पैसे. पुढे एका दुकानात पळायचे बूट सेलमध्ये दिसले, ११८ पाउंड, तिथे अंगठी टेकवली तर मशीनने कार्ड आत घालायला सांगितलं, दोनदा केलं, दोन्हीदा तेच. मग दादाने घड्याळ टेकवलं आणि एका झटक्यात झालं.

दादाच्या घड्याळात सिम नाही. मग फोन दीड मैल लांब असताना बँकेला कळवलं कोणी? आणि अंगठीला कॉफी चालली आणि बूट नाही, असं का?

विचारायचं कारण म्हणजे माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, रोज सकाळी फिरायला जातात आणि फोन हमखास घरी विसरतात, येताना दूध भाजी औषध आणायचं असतं. त्यांच्यासाठी अशी अंगठी घ्यायचा विचार आहे पण आधी नीट समजून घ्यायचंय.

चिंचवडचा_निखिल
सोपं आहे, घड्याळ ब्लूटूथने फोनला जोडलेलं असतं आणि फोन बँकेशी बोलतो. फोन लांब असेल तर घड्याळात सिम लागतं नाहीतर वायफाय. दुकानात वायफाय असणार, घड्याळाने आपोआप पकडलं असेल. माझ्या घड्याळाचं पण तसंच आहे, फोन लांब गेला की मेसेज येणं बंद.

अनुजा_वारजे
पण मग अंगठी? तिला ना बॅटरी ना वायफाय, आणि कॉफी तर तिनेच दिली.

नीला_डोंबिवली
अगं माझ्याकडे पण स्मार्ट रिंग आहे, मुलाने वाढदिवसाला दिली, झोप आणि हृदयाचे ठोके मोजते. मी दुकानात टेकवून बघितली तर काही होत नाही. बिघडली असेल का? चार्ज तर पूर्ण होती.

मशीनवाला
नीलाताई, तुमची अंगठी बिघडलेली नाही, ती वेगळी जात आहे. झोप मोजणाऱ्या बहुतेक अंगठ्यांमध्ये पेमेंटची चिपच नसते, आणि पेमेंटच्या बऱ्याचशा अंगठ्यांमध्ये बाकी काहीच नसतं, चार्जिंगपण नाही.

अनुजा, मी अकरा वर्षं दुकानातल्या कार्ड मशीनच्या सॉफ्टवेअरवर काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निखिलचं उत्तर मेसेजसाठी बरोबर आहे, पेमेंटसाठी नाही. पैसे देताना घड्याळाला इंटरनेट लागतच नाही. बँकेशी बोलायचं काम दुकानदाराचं मशीन करतं, त्याच्यात सिम असतं किंवा दुकानाची लाईन असते. आपण प्लास्टिकचं कार्ड टेकवतो तेव्हा कार्डाला कुठे इंटरनेट असतं? घड्याळ आणि अंगठी त्या क्षणी फक्त कार्ड असतात.

फोनचं काम एकदाच, पहिल्या दिवशी. ॲपमध्ये कार्ड टाकलं, ओटीपी दिला, की कार्ड कंपनी तुमच्या कार्ड नंबरच्या जागी दुसराच एक नंबर तयार करते, त्याला टोकन म्हणतात. तो नंबर आणि त्याच्यासोबत एक गुप्त किल्ली घड्याळाच्या आतल्या एका वेगळ्या कुलूपबंद चिपमध्ये जाऊन बसते. ती किल्ली बाहेर वाचता येत नाही, घड्याळाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरलासुद्धा नाही. तिथे फोनचं काम संपलं.

आता बुटांचं घेऊ. दुकानदाराने ११८ टाकले. मशीनने घड्याळाच्या चिपला रक्कम, तारीख आणि त्याच वेळी बनवलेला एक उलटसुलट आकडा पाठवला. चिपने आपल्या किल्लीने हे सगळं मिळून एक कोड काढला आणि टोकन नंबरसोबत परत दिला, झालं, घड्याळाचं काम अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर संपलं. मशीनने ते आपल्या लाईनवरून पुढे ढकललं, कार्ड कंपनीने टोकनवरून खरं कार्ड ओळखलं, कोड तपासला, बँकेने हो म्हटलं. चिपमध्ये एक मोजणीपण असते, प्रत्येक टेकवण्याला एकाने वाढते, म्हणून तोच कोड चोरून पुन्हा वापरला तर पकडला जातो.

अंगठीत अगदी हेच होतं, फक्त वीज मशीनकडून येते. मशीनभोवती १३.५६ मेगाहर्ट्झचं क्षेत्र असतं, अंगठीतल्या तारेच्या वेटोळ्याला त्यातून चिप जागी होण्यापुरती वीज मिळते. म्हणून बॅटरी नाही आणि म्हणूनच मशीनला जवळजवळ चिकटवावी लागते.

चिंचवडचा_निखिल
ओके हे माहीत नव्हतं. पण मग घड्याळावर पेमेंट झाल्याचं नोटिफिकेशन कसं येतं नेटशिवाय?

मशीनवाला
टेकवल्यावर घड्याळ थरथरतं ते फक्त "मशीनने माझ्याकडून वाचून घेतलं" एवढं सांगतं, बँकेने मंजूर केलं असं नाही. ते मशीनच्या स्क्रीनवर बघायचं. बँकेचा मेसेज घरी टेबलावर पडलेल्या फोनवर येतो.

रीडिंगकर_दादा
मीच तो अनुजाचा भाऊ, तिने लिंक पाठवली म्हणून खाते काढलं. बरोबर, घरी आलो तर फोनवर बुटांचा मेसेज होता आणि हिच्या फोनवर कॉफीचा. पण एक गोष्ट सांगतो, हिच्या अंगठीचे बुटांचे जे दोन प्रयत्न फसले त्यांचा बँकेच्या ॲपमध्ये काही मागमूसच नाही. नकार दिला असा पण नाही.

मशीनवाला
दादा, हा फार मोठा धागा दिलात. मागमूस नाही याचा अर्थ ती विनंती दुकानाबाहेर गेलीच नाही. नकार बँकेने नाही, मशीनने जागच्या जागी दिला.

कारण असं. यूकेमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये पिनशिवाय टेकवायची मर्यादा १०० पाउंड झाली. त्याच्या वर मशीनला खात्री हवी असते की टेकवणारा तोच मालक आहे. घड्याळ ही खात्री स्वतः देतं. सकाळी मनगटावर बांधल्यावर तुम्ही पासकोड टाकता, मग मागचा सेन्सर त्वचेला लागलेला आहे तोपर्यंत घड्याळ उघडं राहतं, काढलं की लगेच कुलूप. टेकवताना चिप मशीनला सांगते की मालकाची ओळख माझ्याकडे पटलेली आहे. म्हणून ११८ गेले.

अंगठीला बोटात कोण आहे ते कळत नाही. ती साधं कार्डच आहे, १०० पर्यंत ठीक, वर गेली की मशीन म्हणतं कार्ड आत घाला आणि पिन टाका. आणि अंगठी आत घालणार कशी? तिथे रस्ताच बंद.

रीडिंगकर_दादा
आता उलगडलं. हिची अंगठी मागे एकदा ८ पाउंडला पण अडली होती, तेव्हा मात्र ॲपमध्ये नकार दिसला होता, आम्हाला वाटलं अंगठी गेली. संध्याकाळी तिने प्लास्टिकचं कार्ड पिन टाकून वापरलं आणि दुसऱ्या दिवसापासून अंगठी परत चालू.

मशीनवाला
ते बँकेचं. तिकडे आणि युरोपात पद्धत आहे की पिनशिवाय सलग काही वेळा किंवा एकूण काही रकमेपर्यंत टेकवलं की बँकेने मध्येच एकदा खरी ओळख मागायची. घड्याळ दरवेळी ओळख देतं म्हणून त्याला हे लागू होत नाही, अंगठीला होतं. तुमच्या बँकेने अंगठीचा आणि कार्डाचा हिशोब एकत्र धरला म्हणून पिनने सुटलं, पण सगळ्या बँका तसं करतीलच असं नाही.

केशवराव_सातारा
ही सगळी चर्चा वाचली. मूळ मुद्दा असा की पैसे अंगठीत भरलेले असतात. आपल्याकडे मेट्रोचं कार्ड असतं तसं. पैसे संपले की कॉफी चालते बूट नाही. एवढं साधं आहे.

मशीनवाला
केशवराव, मेट्रोच्या कार्डाबद्दल तुमचं खरं आहे. आपलं एनसीएमसी कार्ड, पुणे मेट्रोला चालतं ते, त्याच्या चिपमध्ये खरोखर शिल्लक लिहिलेली असते, कारण गेटवर बँकेला विचारायला वेळ नसतो. पण या अंगठ्यांच्या दुकानातल्या पेमेंटला तसं नाही. भारतात मिळणाऱ्या काही अंगठ्या प्रीपेड असतात, म्हणजे आधी पैसे भरायचे, तरी ते पैसे कंपनीच्या वॉलेट खात्यात असतात, बोटात नसतात. अंगठी हरवली तर शिल्लक हरवत नाही.

केशवराव_सातारा
ठीक. पण प्रीपेडमध्ये शिल्लक कमी असेल तर नकार येणारच ना.

मशीनवाला
येणार, पण तो बँकेकडून येणार आणि ॲपमध्ये दिसणार.

स्नेहल_के
भारतातलं पण लिहा ना प्लीज. मला आठवतं २०२० मध्ये टायटनने स्टेट बँकेबरोबर पेमेंटची घड्याळं आणली होती, माझ्या काकांनी घेतलं होतं, दिसायला एकदम साधं काट्याचं घड्याळ. ते पण असंच का?

मशीनवाला
हो आणि ते उदाहरण इथे फार कामाचं आहे. त्या घड्याळात चिप पट्ट्यात होती, घड्याळाच्या यंत्राशी तिचा संबंध नव्हता. म्हणजे नाव घड्याळ पण वागणं अंगठीचं. तेव्हा पिनशिवाय मर्यादा २००० रुपये होती, रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ती ५००० केली. त्यामुळे घेताना घड्याळ की अंगठी हे विचारू नका, ही वस्तू स्वतः मालक ओळखते का ते विचारा. पासकोड आणि मनगटाचा सेन्सर असेल तर पहिला प्रकार, नाहीतर दुसरा. आत्ता बाजारात टॅप अँड पे म्हणून जी स्वस्त स्मार्टवॉच येतात त्यातली काही दुसऱ्या प्रकारची असतात, स्क्रीन आहे म्हणून फसू नका.

अनुजा_वारजे
मग बाबांचं काय, त्यांची अंगठी ५००० च्या वर वहिनीच्या अंगठीसारखी अडेल?

मशीनवाला
इथे आपल्याकडचं बरं आहे. आपल्या मशीनवर टेकवून झाल्यावर पिन मशीनच्या कीपॅडवर टाकता येतो आणि तो बँकेत तपासला जातो, आत घालायची गरज पडत नाही. म्हणून ५००० च्या वर अंगठीला पिन मागितला जाईल, अर्थात अंगठी देणाऱ्याने पिन ठेवायची सोय दिली असेल तर. हे घेण्याआधी विचारा.

दुसरं, आणि लोक इथेच अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड येतं तेव्हा टेकवून पैसे द्यायची सोय बंदच असते, ती आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायची. अंगठी घेतली, टेकवली, नकार आला, परत पाठवली, असं मी पाहिलंय आणि चूक फक्त त्या एका बटणाची होती. तिथेच रोजची मर्यादा पण कमी करता येते. बाबांसाठी ती १००० ठेवा. अंगठी पडली आणि कोणाला सापडली तर ५००० च्या आत तो पिनशिवाय टेकवू शकतो, हा अंगठीचा खरा धोका आहे, पासकोडवाल्या घड्याळाला तो नाही कारण काढलं की कुलूप.

स्नेहल_के
आणि गर्दीत कोणी मशीन घेऊन बोटाजवळ आणलं तर? लोकलमध्ये तर सगळे चिकटूनच असतात.

मशीनवाला
मशीन कोणा ना कोणा दुकानदाराच्या नावावर असतं, पैसे त्याच्या खात्यात जातात, म्हणून चोराला ते सोयीचं नाही. आणि अंगठीची वायर इतकी छोटी की दोन सेंटीमीटरवरून पण नीट वाचली जात नाही, उलट लोकांची तक्रार हीच की मुद्दाम टेकवली तरी लागत नाही. मला काळजी हरवण्याची जास्त वाटते. हरवली तर ॲपमधून फक्त ते टोकन बंद करायचं, मूळ कार्ड चालू राहतं, नवीन कार्ड मागवायची गरज नाही.

रीडिंगकर_दादा
टोकन वेगळं असतं त्यावरून माझ्या बाबतीत झालेलं सांगतो, इतरांना उपयोग होईल. त्या बुटांचा नंबर लहान निघाला, परत करायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने पावतीवरचे शेवटचे चार आकडे बघितले आणि माझं प्लास्टिकचं कार्ड बघितलं, जुळेनात, म्हणे हे कार्ड नाही. मी कार्ड त्याच खात्याचं असल्याचं सांगत होतो, ती मानेना. शेवटी घड्याळ टेकवल्यावर पैसे परत आले. पावतीवर घड्याळाच्या टोकनचे चार आकडे छापले होते. तेव्हापासून वस्तू परत करायला जाताना ज्याने पैसे दिले तेच घेऊन जातो.

आणि लंडनला जाताना सकाळी एलिझाबेथ लाइनला रीडिंगला घड्याळ टेकवून आत गेलो, बाहेर पडताना हात कोटात होता म्हणून फोन टेकवला. कार्ड तेच! पण त्यांच्या दृष्टीने दोन वेगळे प्रवासी, एक आत जाऊन बाहेर न आलेला आणि एक आत न जाता बाहेर आलेला, दोघांना जास्तीत जास्त भाडं. दिवसाची कमाल मर्यादा असते ती पण दोन्हींची वेगळी मोजली जाते. नंतर अर्ज करून पैसे परत मिळाले.

चिंचवडचा_निखिल
माझ्या घड्याळात वॉलेटमधली कार्डं एकदा आपोआप गायब झाली होती, फोनमध्ये होती पण घड्याळात नाही. कोणाला कारण माहीत आहे? ऍपलचं आहे, कार्ड दुबईत होतो तेव्हाचं तिकडच्या बँकेचं.

मशीनवाला
पासकोड बंद केला होता का? तो बंद केला की कार्डं काढून टाकली जातात, कारण मग ओळखीची हमीच उरत नाही.

चिंचवडचा_निखिल
हो!! रोज सकाळी टाकायचा कंटाळा येतो म्हणून बंद केला होता. तेव्हाच गेली असणार.

पळवीण_नाशिक
माझं गार्मिन आहे, त्यात पेमेंट सुरू केलं तेव्हा चार आकडी कोड ठेवायला लावला आणि तो घड्याळ काढलं की परत मागतं, शिवाय २४ तास झाले की मागतं. हिवाळ्यात मी जाकिटाच्या बाहीवरून बांधते तर दर थोड्या वेळाने कोड मागायचं, मला वाटलं खराब झालं, पण आता कळलं, त्वचा लागत नाही म्हणून त्याला वाटतं काढलं. एका मैत्रिणीच्या मनगटावर मोठा टॅटू आहे, तिला पण हा त्रास होतो, प्रकाश शाईतून नीट जात नाही. तिने दुसऱ्या हातात बांधलं तर बरं झालं.

अनुजा_वारजे
सगळ्यांचे मनापासून आभार. आज एका मैत्रिणीची अंगठी मागून घेतली, तिचा पिन तीच टाकेल म्हणून तिला पण सोबत नेलं, आणि बाबांना घेऊन तीन ठिकाणी करून पाहिलं म्हणून लिहिते.

किराणा दुकानात ३४० रुपये, पहिल्यांदा लागलंच नाही. बाबा बोट सरळ करून दाखवत होते. मग मशीनवर कुठे टेकवायचं ते दाखवणारं चार कमानींचं चिन्ह शोधलं, ते स्क्रीनच्या वर होतं, मूठ करून अंगठीची वरची बाजू त्याच्यावर टेकवून एक सेकंद धरली तर झालं. पिन नाही मागितला. मग मिक्सर घ्यायचा होताच, ६२०० चा, तिथे टेकवल्यावर मशीनने पिन मागितला, मैत्रिणीने टाकला, गेले. म्हणजे मशीनवालांनी लिहिलं तसंच.

पण तिसऱ्या ठिकाणी, आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात, १८० रुपये काही केल्या गेले नाहीत. चिन्ह आहे, मूठ केली, बाजू बदलली, मशीनने काही वाचलंच नाही, आवाजसुद्धा नाही. त्याच मशीनवर माझं कार्ड टेकवलं तर लगेच गेलं. ॲपमध्ये नकार नाही, म्हणजे दुकानाबाहेर गेलंच नाही हे मला आता कळतं, पण कार्ड वाचतं आणि अंगठी नाही असं का?

मशीनवाला
कार्डातलं वेटोळं कार्डाएवढं मोठं असतं, अंगठीतलं नखाएवढं. मशीनचं क्षेत्र जरा कमजोर असेल तर कार्डाला पुरतं, अंगठीला नाही. दुकानदाराने मशीनवर प्लास्टिकचं जाड कव्हर घातलंय का, किंवा खाली लोखंडी काउंटर आहे का? मशीन हातात उचलून बघा एकदा. अंगठीजवळ दुसरी सोन्याची किंवा धातूची अंगठी होती का बाबांच्या? धातू शेजारी असला तरी क्षेत्र मरतं, म्हणूनच या अंगठ्या सिरॅमिकच्या करतात.

अनुजा_वारजे
कव्हर होतं! आणि बाबांच्या शेजारच्या बोटात पुष्कराजाची अंगठी पण आहे, ती काही ते काढणार नाहीत. उद्या दुसऱ्या हातात घालून आणि कव्हर काढायला सांगून बघते.

केशवराव_सातारा
बघून इथे लिहा. मला पण घ्यायची आहे, माझ्या बोटात पण पुष्कराज आहे.

नीला_डोंबिवली
माझी झोपेची अंगठी कशी परत करू ते पण कोणी सांगा.